‘तू कोण रे?’ : एसटीतल्या अर्ध्या तिकिटाचं एक प्रकरण

सकाळची साडेआठची साधी एसटी तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला निघाली आहे. सगळ्या सीटा भरलेल्या, आठ-दहा माणसं उभी. कंडक्टर पुढून तिकिटं काढत मागं सरकतोय. चौथ्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आणि त्यांचा चाळिशीतला मुलगा कडेला बसलाय. जिल्ह्याच्या दवाखान्यात तारीख आहे, मांडीवर रिपोर्टांची प्लास्टिकची पिशवी. मुलगा म्हणतो, “एक फुल, एक हाफ.” कंडक्टर आधार कार्ड मागतो. मुलगा घडी पडलेली काळी-पांढरी झेरॉक्स पुढं करतो. कंडक्टर म्हणतो, “झेरॉक्स चालत नाही, ओरिजिनल दाखवा.” ओरिजिनल घरी राहिलंय. इथवर रोजचंच. मग कंडक्टरच्या तोंडून एक वाक्य जातं: “सगळेच पासष्ट सांगतात हो, रोज बघतो मी.”

पुढच्या दहा सेकंदांत मुलगा उभा राहिलेला असतो आणि त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला असतो. “माझा बाप खोटं बोलतोय का? ए मास्तर, बोल ना आता!”

हा कुठल्या एका गाडीचा पंचनामा नाही. एसटीत वरचेवर होणाऱ्या भांडणांतले ओळखीचे दुवे जोडून एक प्रसंग उभा केलाय. दोन रांगा मागं, वाटेच्या पलीकडच्या बाजूला पन्नाशीची एक बाई बसली आहे. मध्ये पडायचं का, पडायचं तर कसं, आणि हे भांडण आपल्या अंगावर कसं येऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या जागेवरून पाहायचंय.

वाद कशाचा आहे

वरवर पाहता वाद साठेक रुपयांचा आहे. एसटीत 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, 75 च्या पुढं 2022 पासून मोफत आणि 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे अर्ध्या गाडीला काही ना काही सवलत असते आणि ती खरी की खोटी हे ठरवायचं काम एकट्या कंडक्टरच्या गळ्यात असतं. वाटेत तपासणी पथक चढलं आणि चुकीचं अर्धं तिकीट सापडलं, तर जाब त्यालाच द्यावा लागतो. शिवाय त्याला वेळेचाही जाच असतो. एसटीचं भाडं 6 किलोमीटरच्या टप्प्यांवर चालतं, आणि पुढच्या थांब्याला नवी माणसं चढायच्या आत आधीची तिकिटं उरकायची असतात. चौथ्या रांगेत तो अडकला की मागच्या सहा रांगा तशाच राहतात.

मुलाच्या डोक्यात यातलं काहीच नाही. त्याला एवढंच ऐकू आलं की चारचौघांत आपल्या वडिलांना लबाड ठरवलं. आता माघार घेतली तर वडील खोटे पडले, अशी त्याची समजूत झाली आहे. म्हणून साठ रुपये देऊन तो शांत होणार नाही, आणि साठ रुपयांची भाषा करणारा कुणीही त्याला शत्रूच वाटेल. मध्ये पडणाऱ्याला पहिली गोष्ट कळायला हवी ती हीच. ओरडणारा माणूस ज्या गोष्टीवर ओरडत असतो ती आणि त्याला लागलेली गोष्ट वेगवेगळी असते, आणि बोलायचं असतं ते लागलेल्या गोष्टीशी.

पहिला माणूस कसा फसला

बाईच्या आधी एक तरुण मध्ये पडतो. तिसऱ्या रांगेजवळ उभा असलेला, तिशीचा, खांद्याला लॅपटॉपची बॅग. म्हणतो, “ओ भाऊ, आवाज खाली. शांत व्हा जरा. लेडीज बसल्यात इथं.” हेतू चांगला, बोलणं चुकीचंही नाही. तरी मुलगा कंडक्टरला सोडून गर्रकन त्याच्याकडं वळतो: “तू कोण रे? तुला विचारलं का?”

मराठी भांडणात ‘तू कोण रे’ हा नाका आहे. इथून पुढं मूळ वाद मागं पडतो आणि नवा सुरू होतो. तरुणानं तीन गोष्टी एकदम केल्या होत्या. तो उभा होता, समोरासमोर होता, आणि त्यानं हुकूम सोडला. ‘शांत व्हा’ हा हुकूमच असतो, कितीही गोड आवाजात म्हटला तरी. त्यातून ‘तुझं वागणं वाईट आहे’ असा निकाल ऐकू जातो. ‘लेडीज बसल्यात’ने तर मुलगा असभ्यही ठरला. एका अपमानावर भडकलेल्याला आणखी दोन मिळाले. त्यात दोघं साधारण एका वयाचे, एका बांध्याचे पुरुष. अशा वेळी बरोबरीचा पुरुष उभा राहिला की तो मध्यस्थ वाटत नाही, आव्हान देणारा वाटतो. तेच शब्द म्हातारीनं म्हटले असते तर कदाचित खपले असते. हा न्याय नाही, पण गाडीत असंच चालतं, आणि आपण कुणाच्या डोळ्यांत काय दिसतो याचा हिशेब तोंड उघडण्याआधी करावा लागतो.

तरुणानं पुढं आणखी एक चूक केली: उत्तर दिलं. “मी कोण ते कळेल तुला!” ‘तू कोण रे’ला खरं तर उत्तर नसतं. त्यावर आपली ओळख, पद, गाव, हक्क काहीही सांगितलं की आपण रिंगणात उतरलो. चालण्यासारखं उत्तर एकच, आपला आकार लहान करणारं: “कोणी नाही हो दादा. मलाही वेळेत पोचायचंय, म्हणून बोललो.” मग नजर खिडकीबाहेर, एक पाऊल मागं, आणि पुढं बोलणं बंद. कमीपणा वाटतो, पण त्यानं रागाला धरायला काही उरत नाही.

दरम्यान गाडीचं बाकीचं पब्लिक जागं झालेलं असतं. मागून कुणी ओरडतं, “मास्तर, खाली उतरवा त्याला, आमची ड्यूटी हुकतीये!” सहाव्या रांगेत एका पोरानं मोबाइल वर धरलाय. कुणीतरी जाणकार कंडक्टरला सुचवतो, “353 लावा!” (2024 च्या जुलैपासून ते कलम भारतीय न्याय संहितेत 132 झालंय, पण लोकांच्या तोंडी अजून जुनाच आकडा आहे.) सरकारी कामात अडथळ्याचा हा गुन्हा एसटीच्या कंडक्टरच्या बाबतीत लागू शकतो हे खरं. पण भडकलेल्या माणसाला कलम ऐकवलं की त्याला वाटतं, आता नुकसान झालंच आहे, मग कशाला थांबायचं. मोबाइलचंही तसंच. कॅमेरा दिसला की माणूस बघणाऱ्यांसाठी बोलू लागतो आणि माघारीची वाट बंद होते. नोंद हवीच असेल तर मोबाइल मांडीवर ठेवून नुसता आवाज टिपावा.

कंडक्टरचा हात आता घंटीच्या दोरीकडं जातोय. एक टोला म्हणजे गाडी थांबणार. उजाड रस्त्यावर थांबली, तर ‘उतर खाली’ आणि ‘उतरवून दाखव’ एवढंच उरतं. धक्काबुक्की व्हायची ती बहुधा याच जागी, दाराच्या पायऱ्यांवर.

बाई काय बघते

तरुण फसला त्या अर्ध्या मिनिटात बाईनं काही गोष्टी पाहून घेतलेल्या असतात. मुलाचे हात मोकळे आहेत, हातवारे मोठे आहेत, बोट नाचतंय, पण मूठ वळलेली नाही. दारूचा वास नाही, शब्द अडखळत नाहीत. ओरडणं एका मुद्द्याभोवती आहे, ‘बाप खोटा नाही’, आणि तो मुद्दा समजण्यासारखा आहे. मध्येच तो वडिलांकडं बघतोय, म्हणजे त्याला अजून कुणाची तरी पर्वा आहे. ही सगळी चिन्हं बरी आहेत. मोठ्यानं, सलग, मुद्द्यावर ओरडणारा माणूस दिसतो तेवढा धोकादायक नसतो. त्याची वाफ बाहेर पडत असते.

भ्यायचं ते याच्या उलट चिन्हांना. ओरडता ओरडता एकदम गप्प होणं, जबडा आवळणं, घड्याळ किंवा चष्मा काढून ठेवणं, हातातली पिशवी खाली ठेवून हात मोकळे करणं, एक पाय मागं घेऊन तिरकं उभं राहणं, नजर चेहऱ्यावरून हनुवटीकडं किंवा दाराकडं जाणं. हात पिशवीत किंवा कमरेला गेला तर वाट बघायचीच नाही. यांतली दोन चिन्हं एकत्र दिसली तरी बाईनं तोंड उघडू नये. तिथून काम ड्रायव्हरचं आणि 112 चं. फोनवर नुसतं ‘भांडण चाललंय’ म्हणून भागत नाही. पाटीवरचा मार्ग, आत्ता मागं पडलेलं गाव आणि गाडी कुठल्या दिशेनं चाललीये हे आधी सांगावं. चालत्या गाडीला शोधायचं तर एवढं लागतंच.

दुसरं, ती स्वतः कुठं आहे. तिची सीट वाटेकडेची आहे, हे बरं. खिडकीशी असती, शेजारी कुणी बसलेलं असतं, तर वेळ आल्यावर हलता आलं नसतं, आणि मग बोलूच नये. ती आणि मुलगा यांच्यामध्ये सीटांच्या दोन पाठी आहेत. मोकळ्या जागेत अशा माणसापासून दोन हात अंतर राखायचं असतं. गाडीत तेवढं मिळत नाही, म्हणून सीटची पाठ आडोशाला घ्यायची. ती उठत नाही. बसलेला माणूस कुणाला धोक्याचा वाटत नाही आणि वाटही अडत नाही. पर्स मांडीवरून शेजारी ठेवते. दोन्ही हात पुढच्या सीटच्या दांड्यावर, दिसतील असे.

चार वाक्यं

पहिलं वाक्य ती मुलाशी बोलतच नाही. शेजारच्या मुलीला हळू आवाजात सांगते, “पुढं जाऊन ड्रायव्हरदादांना सांग, बेल वाजली तरी गाडी रस्त्यावर थांबवू नका म्हणावं, स्टँडवरच घ्या.” स्टँडवर वाहतूक नियंत्रक असतो, माणसं असतात, उजेड असतो. आणि गाडी चालत राहिली तर दारापाशी झोंबी होत नाही. मदत मागताना ‘कुणीतरी सांगा’ म्हटलं तर कुणीच जात नाही, प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. एका माणसाकडं बघून एकच काम सांगितलं की तो उठतो.

दुसरं वाक्य म्हाताऱ्यांना. बाटली पुढं करत, “बाबा, पाणी घेता का?” सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात कामाची चाल. ते बिचारे मान खाली घालून पिशवीची कड मुठीत दाबत बसलेत, आणि सगळं भांडण त्यांच्यासाठी असूनही त्यांच्याशी अजून कुणी बोललेलंच नाही. बाटली पुढं येताच मुलगा ओरडता ओरडता वाक्य तोडतो आणि खाली बघतो. तीन-चार सेकंदांची फट पडते. त्याच्याकडून काही मागितलेलं नाही, त्याला काही सुनावलेलं नाही, त्यामुळं ‘तू कोण’ म्हणायला जागाच नाही. आपल्या बापाला पाणी देणाऱ्या बाईला असं कोण विचारणार?

तिसरं वाक्य मुलाला, आणि तो प्रश्न असतो: “दादा, बाबांची तारीख किती वाजताची आहे?” उत्तर एका शब्दात देता येईल असा, आणि ज्याचं उत्तर फक्त त्यालाच माहीत आहे असा. ‘का ओरडताय’ हा प्रश्न नाही, ती उलटतपासणी झाली. ‘किती वाजता’, ‘कुठं उतरायचं’ असले कोरडे प्रश्न चालतात, कारण त्यांचं उत्तर द्यायला डोकं क्षणभर हिशेबाकडं वळवावं लागतं आणि ओरडत ओरडत हिशेब होत नाही. “अकराची,” तो म्हणतो. आवाज अजून चढाच आहे, पण आता तो हिच्याशी बोलतोय. हिचा आवाज त्याच्यापेक्षा सावकाश आणि जरा खालचा. कुजबुज नको, ती लाडीगोडी वाटते. नजर चेहऱ्यावर टाकायची आणि काढायची, रोखायची नाही.

मग त्याला लागलेल्या गोष्टीला हात घालायचा: “चारचौघांत वडिलांच्या वयावर बोललं की कुणालाही लागतं.” शब्द नीट बघा. कंडक्टर चुकला असं यात म्हटलेलं नाही, अर्धं तिकीट मिळायला हवं असंही नाही. बाईनं ‘बरोबर आहे तुमचं, या लोकांना माजच आलाय’ म्हटलं असतं, तर मुलगा दुप्पट जोरात उसळला असता आणि कंडक्टर हिच्यावर घसरला असता. भावनेला हो म्हणायचं, मुद्द्यावर गप्प राहायचं. हे बोलायला सोपं नसतं. कोण बरोबर हे आपल्या मनात केव्हाच ठरलेलं असतं आणि ते जिभेवर येऊ पाहतं.

चौथं वाक्य कंडक्टरला. भांडणात सहसा त्याला विसरतात, आणि इथं गाठ सुटते ती त्याच्या बाजूनं. “मास्तर, मागची तिकिटं राहिलीत ना? ती काढून या, तोवर हे बघतात.” कंडक्टरही अडकलेला आहे. आपणहून हलला तर घाबरला असं दिसेल. पण मागची तिकिटं हे त्याचं कामच आहे. कामासाठी गेला तर पळाला असं कुणी म्हणत नाही. दोन भांडणाऱ्यांपैकी ज्याच्याकडं निघून जायला सबळ कारण आहे त्यालाच निघू द्यायचं. इथं मुलगा हलू शकत नाही, बाप सीटवर आहे. कंडक्टर हलू शकतो. मशीन हातात घेऊन तो पाचव्या रांगेकडं वळतो. जाताना काहीतरी पुटपुटतो, ते कुणी ऐकलंच नाही असं करायचं.

दुसऱ्यापासून चौथ्या वाक्यापर्यंत जेमतेम मिनिट जातं. त्यांचा क्रम मात्र महत्त्वाचा. कंडक्टरला आधीच ‘जा’ म्हटलं असतं, तर मुलगा “कुठं चाललास?” म्हणत मागं लागला असता. त्याचं लक्ष हिच्याकडं आल्यावरच दुसऱ्याला हलवता येतं.

परतीची वेळ

लोक इथं चुकतात, कारण त्यांना वाटतं मिटलं. मुलगा खाली बसलाय, पण अंगातली आग उतरलेली नाही. अशा भडक्यानंतर शरीर निवायला वीसेक मिनिटं सहज लागतात, आणि तोवर एखादा शब्दही काडी लावायला पुरतो. कंडक्टर मागची तिकिटं उरकून पाच-सात मिनिटांत परत येणार. दुसरा भडका उडायचा तो तेव्हाच, आणि तो उडाला तर पहिल्यापेक्षा मोठा, कारण आता दोघांनीही मनात वाक्यं तयार करून ठेवलेली असतात.

या पाच मिनिटांत बाई एकच काम करते. मुलासमोर दोन वाटा ठेवते, दोन्हीत त्याचा मान राहील अशा: “आधारचा फोटो घरून मोबाइलवर मागवता येत असेल तर मास्तरांना दाखवून बघा. नाहीतर आत्ता फुल काढा आणि तिकीट जपून ठेवा. उतरल्यावर कंट्रोलरकडं तक्रार लिहा, तिकिटावर तारीख-वेळ असतेच.” फोटो चालेल की नाही हे ती सांगत नाही. तो अधिकार कंडक्टरचा, आणि तिनं ‘चालेल’ म्हटलं व त्यानं ‘नाही’ म्हटलं, तर खोटी पडते तीच. दुसऱ्या वाटेत फुल तिकीट काढणं ही हार राहत नाही. भांडण स्टँडवर नेण्याची ती तयारी होते. वाटा दोनच. तीन-चार सांगितल्या तर तापलेलं डोकं त्यातली एकही धरत नाही.

आणि एक गोष्ट ती करत नाही. फरकाचे साठ रुपये पर्समधून काढत नाही. मोह होतो, एवढ्याशा पैशांत सगळी गाडी सुटेल. पण या माणसाला पैसे पुढं केले की उत्तर येतं, “भिकारी वाटलो का आम्ही?” आणि त्या क्षणी ती बाई लक्ष्य होते. ज्याच्याकडं खरोखर पैसे कमी आहेत तिथं गोष्ट वेगळी, आणि तिथंही कंडक्टरच्या हातात गुपचूप द्यावेत.

कंडक्टर परततो तेव्हा त्यानं वडिलांशी बोलावं, मुलाशी नाही: “बाबा, दवाखान्यापाशी उतरायचं ना? पुढचा स्टॉप जवळ पडेल.” समजूतदार कंडक्टर असं आपणहून करतात, आणि जो करत नाही त्याला ते आत्ता शिकवता येत नाही. मुलगा पैसे मोजून देतो. नोट जरा आपटूनच देतो. ती आपटू द्यावी. तेवढी वाफ त्याला हवी असते. या वेळी मागून कुणी “आता कसा आला वळणावर” म्हटलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून बाई आधीच मागं वळून, आवाज न करता, नुसता तळहात खाली दाबून खूण करते.

त्यानंतर ती गप्प बसते. मुलाला समजावत नाही, ‘कंडक्टरलाही घर आहे हो’ असला उपदेश करत नाही. काम झाल्यावर बोलत राहणारा मध्यस्थ स्वतःहून पुढचं लक्ष्य बनतो.

कुठं हे चालणार नाही

वरच्या सगळ्याचा आधार एकच होता: मुलाला राग आला होता, आणि रागामागं कारण होतं. दारू प्यालेल्यापुढं प्रश्न, पर्याय काही टिकत नाही. त्याला दोन मिनिटांपूर्वीचं बोलणं आठवत नसतं. तिथं अंतर वाढवावं, त्याच्या बोलण्याला ‘हं’ एवढंच म्हणावं आणि त्याच्या शेजारच्याला तिथून उठायला मदत करावी. कुणालाच न दिसणाऱ्या माणसाशी भांडणारा प्रवासी असेल, तर त्याच्याशी वादही घालू नये आणि ‘हो, मलाही दिसतोय’ म्हणून री पण ओढू नये. “घाबरल्यासारखं वाटतंय का? पुढच्या स्टँडला उतरू या का?” एवढंच. जात, धर्म किंवा भाषा काढून कुणाला शिव्या देणारा असेल, तर त्याला समजवायला जाणं सगळ्यात घातक. अमेरिकेत पोर्टलंडच्या लोकल गाडीत 26 मे 2017 ला दोन मुलींवर असाच ओरडणाऱ्याला अडवायला गेलेल्या तीन पुरुषांना त्यानं भोसकलं, त्यांतले दोघे गेले. अशा वेळी ओरडणाऱ्याकडं बघायचंच नाही. ज्याच्यावर ओरडलं जातंय त्याच्या शेजारी जाऊन बसायचं, ओळखीचं असल्यासारखं बोलायचं आणि त्याला घेऊन दुसरीकडं सरकायचं.

मुंबईच्या लोकलमध्ये ही पद्धत थोडी बदलते. तिथं दर तीन-चार मिनिटांना स्टेशन येतं, म्हणून फार बोलण्यापेक्षा पुढच्या स्टेशनपर्यंत वेळ काढणं हीच मोठी चाल. दारातल्या भांडणात मात्र अजिबात मध्ये पडू नये, तिथं एका धक्क्याची किंमत फार असते. रेल्वेची मदत 139 वर, मुंबईत रेल्वे पोलिसांचा 1512. आणि कुणावर नजर न रोखता नुसतं मध्ये जाऊन उभं राहणंही कधी पुरतं. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मारामारीवर आलेल्या दोघांमध्ये एक तरुण चिप्स खात जाऊन उभा राहिला. बोलला काहीच नाही, खात राहिला. मारामारी थांबली. मात्र हे जमायला अंगकाठी आणि नशीब दोन्ही लागतं, ठरवून करायची गोष्ट नव्हे.

रांगेचं उलट. रांगेत माणूस हलू शकतो पण हलायला तयार नसतो, कारण नंबर जाईल. रेशनच्या किंवा केसपेपरच्या रांगेत ओरडणाऱ्याला ‘बाजूला या’ म्हटलं की तो आणखी चिकटतो. “तुमचा नंबर मी धरते, तुम्ही खिडकीवर विचारून या” म्हटलं की सुटतो.

उतरताना

गाडी स्टँडवर लागते. मुलगा आधी वडिलांना उतरवतो, पिशवी घेतो. बाईलाही इथंच उतरायचंय, पण ती लगेच उठत नाही, चार माणसं पुढं जाऊ देते. तो नियंत्रकाच्या खिडकीकडं गेला तर तिनं त्या बाजूला जाऊ नये. साक्षीला बोलावलंच तर जे ऐकलं तेवढं सांगावं, निकाल देऊ नये. पण बहुधा तो खिडकीकडं जातच नाही. अकराची तारीख असते. पायऱ्यांशी थांबून तो वळतो आणि जरा अवघडून विचारतो, “ताई, तुम्ही कुठल्या?” हा प्रश्न मघाच्या ‘तू कोण रे’चाच निवलेला भाऊ. उत्तर द्यावं, हसून द्यावं, पण गावाचं नाव न घेता तालुक्याचंच सांगावं, आणि रिक्षात त्यांच्याबरोबर बसू नये.